एका खेपेचे ऊस बिल तपासणे आणि थकीत एफआरपीसाठी अर्ज करणे

ऊस कारखान्याला गेला, वजन झाले, काही आठवड्यांनी बँकेत पैसे जमा झाले, पण जमा झालेला आकडा आणि मनातला हिशेब यांचा मेळ बसला नाही, अशा वेळी बहुतेक शेतकरी थेट तक्रार अर्ज लिहायला बसतात. अर्जात "माझ्या उसाचे पैसे कमी मिळाले" एवढेच असते. असा अर्ज कोणत्याही कार्यालयात पुढे सरकत नाही, कारण किती टन, कोणत्या दराने, कोणत्या तारखेपासून आणि किती कमी, या चारही प्रश्नांची उत्तरे अर्जदाराने द्यावीत अशी कार्यालयाची अपेक्षा असते. ही अपेक्षा शेतकऱ्यावर अन्याय करणारी आहे, कारण यातली जवळपास सर्व माहिती कारखान्याकडेच असते. तरीही अर्ज टिकवायचा असेल तर हिशेब आपणच मांडावा लागतो.

प्रथम दर. केंद्र सरकार दर हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला हा दर क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये आहे. उतारा त्याहून जास्त असेल तर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढतात आणि कमी असेल तर तेवढेच घटतात. मात्र उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी क्विंटलला ३२९.०५ रुपयांपेक्षा कमी देता येत नाही. हा उतारा शेतकऱ्याच्या शेताचा नसतो, संपूर्ण कारखान्याचा असतो.

आता तो मुद्दा, ज्यावरून सर्वाधिक अर्ज फसतात. एफआरपी हा कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचवलेल्या उसाचा दर आहे. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतुकीची व्यवस्था बहुतांश ठिकाणी कारखानाच करतो, त्यामुळे तो खर्च एफआरपीतून वजा होतो. म्हणून टनाला ३,५५० रुपये खात्यावर आले नाहीत, एवढ्यावरून एफआरपी थकली असे सिद्ध होत नाही. शिवाय ही कपात आपल्या शेताच्या अंतरानुसार ठरत नाही. कारखान्याच्या एकूण तोडणी-वाहतूक खर्चाला एकूण गाळपाने भागून जी सरासरी येते, ती सर्वांना सारखीच लावली जाते. कारखान्यालगत ज्याचा मळा आहे, तोही लांबच्या गावातून येणाऱ्या उसाच्या वाहतुकीचा भार उचलतो. हे खटकणारे आहे आणि त्याविरुद्ध बोलायला हवे, पण "माझे शेत जवळ आहे, माझी कपात कमी करा" अशी मागणी थकबाकीच्या अर्जात घातली, तर मूळ मागणीही तिच्यासोबत बाजूला पडते.

एक खेप प्रत्यक्ष मांडून पाहू. समजा, ट्रकचे भरलेले वजन २५.७३० टन आणि रिकामे वजन ९.२८० टन आहे. निव्वळ ऊस १६.४५० टन झाला. दरासाठी धरायचा उतारा ११.२५ टक्के मानला, तर तो पायाभूत उताऱ्यापेक्षा पूर्ण १ टक्का जास्त आहे. म्हणजे क्विंटलला ३४.६० रुपये वाढले आणि दर टनाला ३,८९६ रुपये झाला. कारखान्याची सरासरी तोडणी-वाहतूक टनाला ९०० रुपये धरली, तर शेतकऱ्याच्या हाती टनाला २,९९६ रुपये यायला हवेत. पूर्ण खेपेचे ढोबळ मूल्य ६४,०८९.२० रुपये, तोडणी-वाहतूक कपात १४,८०५ रुपये आणि निव्वळ देय ४९,२८४.२० रुपये. कारखान्याने टनाला २,७०० रुपयांची पहिली उचल दिली असेल, तर ४४,४१५ रुपये दिले गेले आणि ४,८६९.२० रुपये बाकी राहिले. अर्जात लिहायचा आकडा हा शेवटचा आहे.

हा आकडा काढताना दोन ठिकाणी चूक होते. एक म्हणजे जाहीर झालेला दर ढोबळ आहे की विनाकपात, हे पाहिले जात नाही. कारखान्याने "पहिली उचल विनाकपात" असे जाहीर केले असेल, तर त्या रकमेतून तोडणी-वाहतूक पुन्हा वजा होता कामा नये. दुसरी चूक बँकेच्या पासबुकावरून हिशेब करण्याची. वरच्या उदाहरणात सोसायटीच्या पीककर्जापोटी ३०,००० रुपये वळते झाले असतील, तर खात्यावर १४,४१५ रुपयेच दिसतील. पण ती वसुली म्हणजे एफआरपीतील घट नव्हे, ते आपलेच कर्ज फिटले आहे. म्हणून पासबुकाबरोबर ऊस बिल लागतेच, आणि त्यातील प्रत्येक कपातीचे नाव वाचावे लागते. सोसायटी, बेणे आणि खतांची उधारी या कपाती ओळखीच्या असतात. "ठेव" किंवा "भाग रक्कम" या नावाने काही कापले असेल, तर त्यासाठी आपण लेखी संमती कधी दिली होती का, हे शोधावे. संमती नसेल तर ती रक्कमही मागणीत स्वतंत्र ओळ म्हणून लिहावी, बाकीच्या आकड्यात मिसळू नये.

तोडणी टोळीला खुशाली किंवा वाहनचालकाला एंट्री म्हणून रोख दिलेले पैसे मात्र बिलात कुठेच नसतात. ते घेणे चूकच आहे, पण त्याची तक्रार वेगळी, आणि तीही ऊस तुटत असतानाच शेतकी विभागाकडे लेखी दिली तर उपयोगाची.

मुदतीबाबतचा गैरसमज तर दरवर्षीचा आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचवल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि त्यापुढील विलंबावर वार्षिक १५ टक्के व्याज देय होते. ही १४ दिवसांची मोजणी बिलाच्या तारखेपासून होत नाही आणि पंधरवडा संपल्यापासूनही होत नाही. ८ जानेवारीला वजन झालेल्या उसाची मुदत २२ जानेवारीला संपते, बिल १ फेब्रुवारीला निघाले तरीही. कारखाने पंधरवड्याची बिले एकत्र काढतात म्हणून शेतकऱ्यांनाही तीच तारीख खरी वाटते आणि अर्जात ती लिहिली की व्याजाचे दिवस आपण स्वतःच सोडून देतो. वरच्या खेपेतील ४,८६९.२० रुपये ९० दिवस उशिरा मिळाले, तर व्याज सुमारे १८० रुपये होते. एका खेपेला ही रक्कम लहान दिसते, पण पूर्ण ४९,२८४.२० रुपयेच ६० दिवस अडकले, तर व्याज सुमारे १,२१५ रुपये होते. व्याज मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही, म्हणून ते अर्जात स्पष्ट शब्दांत मागावे.

याच आदेशात एक अट आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. १४ दिवसांचा नियम लागू होतो तो दोन्ही पक्षांत वेगळा लेखी करार नसेल तर. ऊस नोंदणीच्या वेळी चिटबॉय ज्या छापील कागदावर सही घेतो, त्यात हप्त्याने पैसे स्वीकारण्याचे कलम असू शकते, आणि सुनावणीत कारखाना नेमका तोच कागद पुढे करतो. सही करण्यापूर्वी तो वाचा, आणि प्रत मागून घ्या. प्रत देत नसतील तर निदान मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. राज्य सरकारने २१ फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयाने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे अमुक शासन निर्णयानुसार उरलेली रक्कम हंगाम संपल्यावर मिळेल, असे कोणी तोंडी सांगितले, तर तो निर्णय कोणता आणि कोणत्या तारखेचा, हे लेखी मागावे.

अर्ज प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांच्याकडे करायचा आणि त्याची प्रत पुण्यातील साखर आयुक्तालयाला पाठवायची. सोबत सातबारा, आधार, पासबुकाच्या संबंधित पानांची प्रत, ऊस नोंदणीचा कागद, ऊस बिल आणि प्रत्येक खेपेची वजन पावती जोडावी. यातला कोणाकडेच नसलेला कागद म्हणजे वजन पावती. ती वाहनचालकाच्या हातात पडते आणि तिथेच राहते. वाहन सुटण्यापूर्वी चालकाला पावतीचा फोटो पाठवायला सांगणे हा सर्वांत सोपा उपाय. ते राहून गेले असेल, तर खेपनिहाय वजनाचा उतारा कारखान्याकडे लेखी अर्जाने मागावा आणि त्या अर्जाची पोच जोडावी. पावती नाही म्हणून अर्ज न करण्यापेक्षा "मागितली, दिली नाही" हे दाखवणारी पोच खूप बरी.

वजनच चुकीचे वाटत असेल, तर तो वाद या अर्जाने सुटत नाही. वाहन रिकामे झाल्यावर तपासायला काहीच उरत नाही, म्हणून तो प्रश्न त्याच दिवशी, काट्यावरच उपस्थित करावा लागतो आणि तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे जाते.

नावांच्या बाबतीत कार्यालये फार काटेकोर असतात. सातबारा वडिलांच्या नावे, ऊस नोंद थोरल्या भावाच्या नावे आणि बँक खाते तिसऱ्याचे, असे घराघरांत चालते. तक्रार मात्र ज्याच्या नावे ऊस नोंद आणि बिल आहे त्यानेच करायची असते, शेत कसणाऱ्याने नव्हे. नोंदधारक हयात नसेल, तर आधी कारखान्यात वारस नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर योग्य रकमेचा अर्जही फक्त नावामुळे परत येतो.

अर्ज मान्य झाल्यावर पैसे लगेच येत नाहीत. कारखान्याचा अहवाल मागवला जातो, सुनावणी होते आणि थकबाकी सिद्ध झाली तर साखर आयुक्त महसुली वसुली प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे आरआरसी म्हणतात, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतात. त्यानंतर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. आरआरसी निघाल्याची बातमी आली म्हणून आपले नाव त्यात आहेच, असे गृहीत धरू नये. कारखान्याने दिलेल्या थकबाकीच्या यादीत आपले नाव आणि रक्कम बरोबर आहे का, हे सुनावणीच्या टप्प्यावरच लेखी विचारावे, कारण प्रमाणपत्र गेल्यानंतर त्यात एका शेतकऱ्याचा आकडा दुरुस्त करून घेणे अतिशय अवघड होते.