फोटोतला हायड्रोजन आणि भाचीचे ६७८ नॅनोमीटर

रात्री साडेदहाला बारावीतल्या भाचीचा व्हॉट्सॲप आला, मामा हे बघ ना जरा. सोबत फळ्याचा फोटो, तिरका काढलेला, मधोमध ट्यूबलाइटची पांढरी चकाकी. हायड्रोजनच्या एनर्जी लेव्हल्सची आकृती होती, सहा आडव्या रेघा आणि त्यांच्यामधून खाली येणारे पाच बाण. प्रत्येक बाणाची वेव्हलेंग्थ काढायची आणि त्यातून मिळणारी प्रकाशाची रेषा कुठल्या सीरिजमधली, म्हणजे कुठल्या गटातली, ते सांगायचं, एवढाच प्रश्न. तिची उत्तरं खाली वहीत होती, आणि पहिलंच उत्तर ६७८ नॅनोमीटर, शेजारी लिहिलेलं "लाल, बामर". मला ते बघताक्षणी खटकलं, पण का ते सांगायला आधी आकृती नीट बघावी लागेल.

n म्हणजे रेघेचा खालून क्रमांक, सगळ्यात खालची रेघ n = १, तिच्याशेजारी -१३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. मग वर -३.४०, -१.५१, -०.८५, -०.५४, -०.३८. उणे कशाला, तर इलेक्ट्रॉन अणूला बांधलेला आहे, त्याला पूर्ण सोडवायचं तर तेवढी ऊर्जा आपल्याला खर्च करावी लागते. इलेक्ट्रॉन वरच्या रेघेवरून खालच्या रेघेवर पडला की दोघांमधला फरक प्रकाशाच्या एका कणाच्या रूपात बाहेर पडतो, त्या कणालाच फोटॉन म्हणतात. फरक जेवढा मोठा तेवढी वेव्हलेंग्थ छोटी. हिशोब एका ओळीचा आहे, फरक इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये घेतला की वेव्हलेंग्थ थेट नॅनोमीटरमध्ये मिळते:

λ = १२४० / ΔE

तिचा पहिला बाण ३ वरून २ वर. ३.४० मधून १.५१ गेले, राहिले १.८९, आणि १२४० भागिले १.८९ म्हणजे ६५६. तिचं ६७८ आलं कुठून? तिच्या वहीत फरक १.८३ होता. म्हणजे तिसऱ्या रेघेचा आकडा तिने -१.५७ वाचला होता, बरोबर त्या चकाकीच्या खाली. गंमत अशी की ६७८ पण लालच असतो, त्यामुळे नुसता रंग बघून ही चूक कधीच सापडली नसती.

मग सापडते कशी? एक सोपी चाचणी आहे, फोटोवरून आकडे उतरवताना मी ती नेहमी करतो. रेघेचा आकडा घ्या आणि त्याला n च्या वर्गाने गुणा, उत्तर दरवेळी १३.६ च्या जवळपास आलं पाहिजे, कारण हायड्रोजनच्या पातळ्या १३.६ ला १, ४, ९, १६ असं भागूनच येतात. ०.८५ गुणिले १६, १३.६. १.५१ गुणिले ९, १३.५९. आणि १.५७ गुणिले ९ करा, १४.१३ येतं, म्हणजे वाचण्यात घोळ आहे. आणि एक सांगतो, फोटोवर पट्टी ठेवून रेघांमधलं अंतर मोजायच्या भानगडीत पडू नका, फळ्यावरची आकृती क्वचितच मापात असते. मापात काढली तर पहिल्या आणि दुसऱ्या रेघेत जवळजवळ तीन चतुर्थांश फळा जातो आणि उरलेल्या सगळ्या रेघा वर दाटीवाटीने बसतात, म्हणून शिक्षक वरचा भाग ताणून काढतात, त्यात त्यांची काही चूक नाही.

आता सीरिज. इथे पोरं गोंधळतात ती एकाच गोष्टीत, बाण सुटतो कुठून ते बघत बसतात. सीरिज ठरते बाण कुठे उतरतो त्यावर. १ वर उतरला तर लायमन, २ वर बामर, ३ वर पाश्चेन, ४ वर ब्रॅकेट, ५ वर फुंड. मग २ वरून १ वर आलेला बाण लायमनमधला, फरक १०.२, वेव्हलेंग्थ १२१.६ नॅनोमीटर, अतिनील, डोळ्याला दिसत नाही. ४ वरून २ वर आलेला बामरमधला, ४८६, निळसर हिरवा. सहा रेघांमधून एकूण पंधरा उड्या शक्य आहेत आणि त्यातल्या डोळ्याला दिसणाऱ्या फक्त बामरमधल्या चार, ६५६, ४८६, ४३४ आणि ४१०. याच चार आकड्यांवरून १८८५ मध्ये बाझलच्या योहान बामर नावाच्या शाळामास्तरने सूत्र शोधून काढलं, इलेक्ट्रॉनचा शोध लागायच्या आधी, आणि ते सूत्र असं का याचं उत्तर भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने १९१३ मध्ये दिलं.

प्रत्येक सीरिजची एक हद्द असते, आणि ६७८ मला खटकलं ते त्यामुळे. बामरची हद्द साधारण ३६५ ते ६५६, लायमनची ९१ ते १२२, पाश्चेनची ८२० ते १८७५. बामरमध्ये सगळ्यात छोटी उडी ३ वरून २ ची, त्यामुळे ६५६ पेक्षा लांब रेषा बामरमध्ये असूच शकत नाही, आणि ६५६ ते ८२० मध्ये तर मैदान मोकळंच आहे. वजाबाकीऐवजी बेरीज करणारेही खूप असतात, १.५१ अधिक ३.४० म्हणजे ४.९१ आणि उत्तर २५३. तेही १२२ आणि ३६५ च्या मधल्या रिकाम्या जागेत पडतं, लगेच पकडता येतं. ही युक्ती पहिल्या तीन सीरिजपुरतीच हं, कारण ब्रॅकेट १४५८ पासून सुरू होते आणि पाश्चेनमध्ये घुसते, तिथे नुसत्या आकड्यावरून सीरिज ठरत नाही, बाणच बघावा लागतो.

चौथा बाण, ४ वरून ३ वर, तिने १८७९ काढला होता, पुस्तकात १८७५ आहे, ते चालतं. पाचव्याने मात्र मलाही जरा थांबवलं. ६ वरून ५ वर, ०.५४ वजा ०.३८ म्हणजे ०.१६, उत्तर ७७५०. भाचीने काहीच चुकवलं नव्हतं, तरी खरी रेषा ७४६० ला आहे, जवळपास तीनशे नॅनोमीटरचा फरक! कारण आकडे दोन दशांशांपर्यंतच लिहिलेत. १०.२ सारख्या मोठ्या फरकात शेवटच्या घराची खोट कळतही नाही, पण दोन जवळजवळ सारखे आकडे वजा केले की उरतं तेवढंसं, आणि खोट मात्र तशीच राहते. १३.६ ला २५ ने भागा, ०.५४४. ३६ ने भागा, ०.३७७८. फरक ०.१६६२, आणि आता उत्तर ७४६१. म्हणून वरच्या रेघांसाठी फळ्यावरचे आकडे घेऊच नका, १३.६ वरून आपले आपण काढा.

हे सगळं टाइप करून पाठवलं तर तिचा उलट प्रश्न, मामा आमची ट्रिप नारायणगावजवळ खोडदला गेली होती, तिथे त्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या डिश हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची रेषा पकडतात म्हणाले, ती यातली कुठली? यातली कुठलीच नाही. ती रेषा n = १ या एकाच रेघेच्या आतली आहे, कारण इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या स्पिनमुळे ती रेघ खरं तर दोन रेघांची असते, इतक्या जवळ की फरक इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजायचा, साधारण सहा. फळ्यावर खडूच्या एका रेघेच्या जाडीत त्या दोन्ही कधीच बुडून गेल्या असत्या.