फ्लिपरला चिकटलेली गोळी

भाच्याने सुट्टीत संगणकावर पिनबॉलचा खेळ बनवला आणि मोठ्या उत्साहाने मला खेळायला बसवलं. प्लंजर ओढला, गोळी वर गेली, दोन-तीन बंपरांवर आपटून खाली आली. मी फ्लिपरचं, म्हणजे खाली आलेली गोळी परत वर उडवणाऱ्या पटाच्या तळच्या छोट्या पात्याचं, बटण दाबलं. गोळी उडायच्या ऐवजी फ्लिपरला गोचिडीसारखी चिकटली आणि तिथेच थरथरत राहिली.

"मामा, रबराचा उसळीपणा वाढवून बघितला. तरी चिकटतेच," तो म्हणाला.

हा गैरसमज फक्त त्याचा नाही. गोळी उडते ती रबरामुळे, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर पिनबॉलमधलं रबर हे खर्चाचं खातं आहे. जमा होते ती दुसरीकडून.

खऱ्या यंत्रातली गोळी पोलादाची असते, व्यास २७ मिलिमीटर आणि वजन ८० ग्रॅमच्या आसपास. पट साधारण साडेसहा अंशांनी कललेला असतो. एवढ्या उतारावर घरंगळणाऱ्या गोळीचा वेग दर सेकंदाला जेमतेम ०.८ मीटर प्रति सेकंदाने वाढतो. सरळ खाली सोडली असती तर तो ९.८ ने वाढला असता. म्हणजे हा खेळ गुरुत्वाकर्षणाला बारा भागांत वाटून त्यातला एकच वापरतो, म्हणून तर आपल्याला विचार करायला वेळ मिळतो.

आता ही गोळी रबरी कड्यावर आपटली की काय होतं? समजा आली त्या वेगाच्या ८० टक्के वेगाने ती परतली. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून शिल्लक राहते ६४ टक्के. दुसऱ्या धडकेनंतर ४१, तिसरीनंतर २६. रबर कितीही चांगलं असलं तरी हा आकडा शंभराच्या वर जाणार नाही. सुरुवातीला प्लंजरची स्प्रिंग गोळीला भांडवल देते, पण त्यातही गळती आहे. प्लंजर गोळीला मधोमध ठोकतो, त्यामुळे ती आधी नुसती घसरते. घर्षणामुळे गिरकी मिळून ती नीट घरंगळू लागेपर्यंत तिचा वेग सात भागांपैकी दोन भागांनी घटलेला असतो. भांडवलात रोज भर पडली नाही तर असा धंदा चार धडकांत बुडेल.

भर घालतो तो फ्लिपर. हा भाग तसा उशिराच आला. १९४७ साली गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात हॅरी मॅब्सने तो पहिल्यांदा बसवला, तेव्हा पटावर सहा फ्लिपर होते. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेकने तळाशी दोनच फ्लिपर ठेवले आणि तीच मांडणी रूढ झाली. त्याआधी खेळाडूच्या हातात प्लंजर आणि यंत्राला दिलेले हलके धक्के, एवढंच होतं. न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली, ती याच जमान्यात. ती उठली १९७६ साली, रॉजर शार्प नावाच्या खेळाडूने गोळी कुठल्या वाटेने जाईल हे आधी सांगून, प्लंजर ओढून, तसंच करून दाखवल्यावर. तरी "आज यंत्र रुसलंय" किंवा "खाली लोहचुंबक लावून गोळी तळाच्या खड्ड्यात ओढतात" म्हणणारे आजही भेटतात. काही यंत्रांत पटाखाली विद्युतचुंबक असतात, हे खरं. पण ते खेळाचाच भाग म्हणून उघडपणे गोळी पकडतात किंवा फेकतात. गोळी खड्ड्यात जायला साडेसहा अंशांचा उतार पुरेसा आहे, कटाची गरज नाही.

फ्लिपरच्या पोटात डोकावलं की मला राहवत नाही, तेव्हा थोडं सहन करा. पटाखाली तांब्याच्या तारेची एक कॉइल असते. बटण दाबलं की ती लोखंडी दांड्याला आत खेचते, दांडा एका छोट्या आऱ्याला ओढतो आणि वरचा फ्लिपर सुमारे ५० अंशांतून फिरतो. हे सगळं पंचवीसेक मिलिसेकंदांत, म्हणजे डोळ्याची पापणी अर्धी मिटायच्याही आत.

गंमत अशी की ही एक कॉइल नसून दोन असतात, एकाच रिळावर गुंडाळलेल्या. पहिली जाड तारेची, रोध अवघा चारेक ओम. तिला ५० व्होल्ट दिले की प्रवाह १२ अँपिअरपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ६०० वॅट. एवढी ताकद फ्लिपर उचलायला हवीच. पण खेळाडू बटण दाबून गोळी फ्लिपरवर धरून बसला तर? काही सेकंदांत कॉइल जळेल. म्हणून जुन्या पद्धतीच्या रचनेत फ्लिपर वर पोचला की तोच एक स्विच उघडतो, आणि बारीक तारेची, शे-दीडशे ओमची दुसरी कॉइल पहिलीच्या जोडीला एकसरीत येते. प्रवाह एकदम तीसेक पटींनी उतरतो. वर पोचलेल्या फ्लिपरला नुसतं धरून ठेवायला तेवढा पुरतो. हा स्विच बिघडून सतत उघडा राहिला तर फ्लिपर मरगळल्यासारखा उठतो. सतत बंद राहिला तर कॉइल तापून जळका वास येतो. ही लक्षणं कळली की निम्मी दुरुस्ती झाली.

आता गोळीकडे. समजा ती १ मीटर प्रति सेकंद वेगाने खाली येतेय आणि फ्लिपर स्थिर आहे. रबराचा उसळगुणांक ०.७ धरला तर ती ०.७ वेगाने परतेल. पण ती टेकते त्याच क्षणी तिथला फ्लिपरचा पृष्ठभाग ३ मीटर प्रति सेकंदाने वर येत असेल तर? रबराला गोळीचा वेग कळत नाही, कळतो तो दोघांचा एकमेकांकडे येण्याचा वेग: ४. त्याच्या ०.७ पट म्हणजे २.८ वेगाने ती फ्लिपरपासून दूर जाणार, आणि फ्लिपर स्वतः ३ ने पुढे चालला आहे. गोळीचा वेग झाला ५.८. रबर तेच आणि गुणांकही तोच, पण ऊर्जा आधीच्या जवळजवळ सत्तर पट. प्रत्यक्षात एवढं मिळत नाही, कारण धडकेत फ्लिपरही मंदावतो. तो काही डोंगर नाही, आणि टोकाकडे तर गोळीपुढे तो हलकाच पडतो. पण जमा कुठून झाली, ते कळलं.

भाच्याचा घोळ इथेच होता. त्याच्या हिशेबात फ्लिपर फिरत होता, पण त्याला वेगच नव्हता. एका चित्रात खाली, पुढच्या चित्रात वर. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचं. खऱ्या फ्लिपरची पूर्ण फेरी दीड चित्रात संपते, आणि ४ मीटर प्रति सेकंदाने जाणारी गोळी एका चित्रात पावणेसात सेंटिमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या अडीच पट सरकते. त्यामुळे फ्लिपर 'वर' आला तेव्हा गोळी त्याच्या पोटातच सापडली. संगणकाने तिचा वेग उलटवला. पुढच्या चित्रात ती अजून पोटातच, म्हणून पुन्हा उलटवला. मागे-पुढे, मागे-पुढे. ती थरथर म्हणजे हेच. उसळीपणा वाढवून काय होणार?

मी त्याला एवढंच लिहून दिलं:

```
vrel = dot(v, n) - omega * r
if vrel < 0:
    v = v - (1 + e) * vrel * n
```

`v` हा गोळीचा वेग, `e` हा उसळगुणांक, `n` ही फ्लिपरच्या पृष्ठभागाला लंब, गोळीकडे जाणारी दिशा, `r` हे खुंटीपासून टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर, `omega * r` हा तिथल्या पृष्ठभागाचा वेग. मधली `if` ची ओळ सगळ्यांत मोलाची. दोघं एकमेकांकडे येत असतील तरच वेग बदला, दूर जात असतील तर हात लावू नका. शिवाय हिशेब चित्रागणिक न करता प्रत्येक मिलिसेकंदाला करायचा आणि गोळी आत घुसली असेल तर तेवढीच बाहेर सरकवायची.

खऱ्या यंत्रातही गोळी अडकते, पण कारणं वेगळी. फटका मारणाऱ्या बंपरभोवती एक सैल बशी असते. गोळी तिच्यावर चढली की बशी कलते, तिचा दांडा खालचा स्विच जोडतो आणि वरचं कडं झपकन खाली येतं. कड्याची खालची बाजू तिरपी असल्याने गोळी पाचरीखालून निसटावी तशी बाहेर फेकली जाते. पण त्या स्विचच्या पट्ट्यांमधली फट वाढली असेल तर हळू आलेली गोळी बशीवर नुसती रेलून बसते. बोटाने बशी हलकेच दाबून बघावी. जोर लावल्यावरच बंपर उडत असेल तर पट्टी किंचित वाकवायची. अर्थात, वीज बंद करून.

दुसरी जागा म्हणजे शेजारी शेजारी रोवलेल्या दोन खुंट्या. एकाच उंचीवर असतील तर गोळी त्यांच्या खोबणीत बसते आणि उठत नाही. समजा रबरासकट खुंटीची त्रिज्या ५ मिलिमीटर आणि दोन केंद्रांत २० मिलिमीटर अंतर. गोळीची त्रिज्या साडेतेरा, म्हणजे गोळीच्या केंद्रापासून खुंटीचं केंद्र साडेअठरावर. निम्मं अंतर १० भागिले १८.५, हा ज्या कोनाचा साइन तो कोन सुमारे ३३ अंश. खुंट्यांना जोडणारी रेषा याहून जास्त तिरपी केली की खोबणी उरतच नाही, गोळी खालच्या खुंटीवरून घरंगळून जाते. खुंट्या जवळ आणल्या तर थोड्या तिरपेपणावरही भागतं. भूमिती नको असेल तर दोन्हींच्या मध्ये वरून तिरपं रबर ताणून द्या.

तिसरं कारण खरोखर चुंबकाचं. कॉइल आणि विद्युतचुंबकांच्या सहवासात राहून पोलादी गोळ्या स्वतःच चुंबक होतात, आणि खालच्या नळीत एकमेकींना धरून बसल्याने पुढची गोळी बाहेर येत नाही. गोळीला कागदाची क्लिप लावून बघा. लटकली तर गोळी बदला. नव्या यंत्रांत काही सेकंद एकही स्विच वाजला नाही तर यंत्र स्वतःच एकेक कॉइल उडवून हरवलेली गोळी शोधतं. लोक त्यालाही 'यंत्रात भूत शिरलं' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी भाच्याने पुन्हा बोलावलं. गोळी आता सणसणीत उडत होती. मग त्याने फ्लिपर वर धरून ठेवला, गोळी टेकायच्या क्षणी बटण सोडलं, आणि ती न उसळता फ्लिपरवर अलगद बसली.

"हे बघ, परत चिकटली," तो वैतागून म्हणाला.

गोळी १ ने खाली येत होती, फ्लिपरही १ ने खाली पळत होता, एकमेकांकडे येण्याचा वेग शून्य. कसलेले खेळाडू हेच मुद्दाम करतात आणि त्याला 'ड्रॉप कॅच' म्हणतात. मी म्हटलं, "आता परत करून दाखव."

अकराव्या खेपेला जमलं.