‘आधी लोह भरून काढा, मग ए२ बघू’: एका नियमाची पार्श्वभूमी

सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ८०च्या खाली दिसला की आपल्याकडे संशय दोघांवरच जातो. एक लोहाची कमतरता, दुसरा बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आजाराचं वाहक असणं. दोन्हींत पेशी लहान, फिकट. स्लाइडवर पाहून भल्याभल्यांची फसगत होते; निवाडा होतो तो ए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराच्या टक्केवारीवर. हा पेच तसा जुना नाही. १९२५ साली डेट्रॉइटमध्ये इटालियन आणि ग्रीक वंशाच्या मुलांत मेजरचं, म्हणजे दोन्ही पालकांकडून दोष आल्यावर होणाऱ्या तीव्र आजाराचं, वर्णन झालं, पण त्यांचे धडधाकट दिसणारे आईबाप वाहक असतात हे पक्कं व्हायला १९४०चं दशक उजाडलं. भारतातली पहिली नोंद १९३८ची, कलकत्त्याची. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं उल्हासनगर-मुंबईकडे आली आणि हा आजार महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचा झाला.

तोवर आरबीसी काउंट या आकड्यावर कुणी भिस्त ठेवत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. रक्त २०० पट पातळ करायचं, काचेच्या चेंबरमध्ये सोडायचं, मायक्रोस्कोपखाली ८० बारीक चौकोनांतल्या पेशी मोजायच्या आणि येईल त्या आकड्याला १०,०००ने गुणायचं. पिपेट जरा जास्त भरली, चेंबरवरची काच नीट बसली नाही, की चूक त्याच पटीत वाढायची. कसलेल्या हाताचा आकडाही १० टक्के इकडेतिकडे व्हायचा. ५० लाख आणि ५५ लाख यांतला फरक अशा मोजणीत सहज विरून जातो, आणि आपला सगळा खेळ तेवढ्याच फरकावर आहे.

१९५०च्या दशकात विजेच्या रोधावरून पेशी मोजणारं यंत्र आलं. बारीक छिद्रातून एकेक पेशी जाते, विद्युतप्रवाहात क्षणिक अडथळा येतो आणि अडथळ्याच्या उंचीवरून पेशीचा आकारही कळतो. हजारो पेशी काही सेकंदांत मोजल्या जाऊ लागल्या. मग काउंट भरवशाचा झाला आणि एक जुनी गोष्ट ठळक दिसू लागली. लोह कमी असलं की मज्जेकडे कच्चा मालच नसतो. पेशी लहान होतात आणि संख्येनेही घटतात. मायनरमध्ये लोह असतं, हिमोग्लोबिनची बीटा साखळी कमी पडते. दर पेशीत हिमोग्लोबिन कमी भरतं, पण पेशींची संख्या कमी होत नाही. उलट बऱ्याचदा ५० लाखांच्या वर जाते.

१९७३ साली एका छोट्याशा पत्रात हा फरक भागाकारात मांडला गेला: एमसीव्ही भागिले आरबीसी काउंट (दशलक्षांत). उत्तर १३च्या खाली आलं तर कल मायनरकडे, वर आलं तर लोहाकडे. हाच मेंट्झर इंडेक्स. याहून अवघड सूत्रं त्याच वर्षी आणि नंतरही आली, पण कागदाच्या कोपऱ्यात करता येणारं हेच टिकलं. समजा, एकीचं हिमोग्लोबिन १०.६, एमसीव्ही ६२, काउंट ५.६, भागाकार ११. दुसरीचं हिमोग्लोबिन ८.८, एमसीव्ही ७०, काउंट ४.१; भागाकार १७. इथवर सरळ आहे.

निकाल मात्र ए२ देतो. १९५५ साली स्टार्चवरच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये मोठ्या पट्ट्याच्या मागे रेंगाळणारा एक फिका पट्टा वेगळा ओळखला गेला. दोन-तीन वर्षांत तो मायनरमध्ये वाढलेला असतो हे कळलं. ए२ अल्फा आणि डेल्टा साखळ्यांचं बनतं; बीटा कमी पडल्यावर डेल्टा साखळीला अल्फाचा वाटा जास्त मिळतो, म्हणून ए२ वाढतं. पुढे सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्ट्या आल्या. त्यांवरचा ए२चा भाग कापून, द्रावणात सोडवून मोजायचा असे; नुसत्या नजरेने किंवा स्कॅनरने काढलेला आकडा विश्वासाचा नव्हता. आज चिठ्ठीवर ‘एचबी इलेक्ट्रोफोरेसिस’ लिहिलेलं असलं तरी बहुतेक लॅबमध्ये हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसीच चालते. साधारण ३.५ टक्क्यांच्या आत नॉर्मल, ४ किंवा वर मायनर, आणि मधला पट्टा वादाचा.

या मधल्या पट्ट्यातूनच शीर्षकातला नियम निघाला. लोह कमी असलं की ए२ही थोडं खाली येतं. म्हणजे मायनर असलेल्या माणसात लोहही कमी असेल तर ए२ ४च्या आत दिसू शकतं. यावरून शिकवण अशी झाली की आधी तीन महिने लोह द्या, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन सुधारलं की मग ए२ करा. घाई नसलेल्या प्रौढ पेशंटसाठी हे ठीकच. आपल्याकडे मात्र ही शिकवण सरसकट लागू झाली, पहिल्यांदा तपासणीला आलेल्या गर्भवतीलासुद्धा, आणि माझ्या मते इथेच घोटाळा झाला. एकतर लोहामुळे ए२ सहसा थोडंच उतरतं. बहुतेक वाहकांत ते तरीही वाढलेलं दिसतं, लपतं ते मुख्यतः अॅनिमिया तीव्र असताना. दुसरं म्हणजे घड्याळ. १९७१च्या कायद्यात गर्भपाताची मर्यादा २० आठवडे होती. ती २०२१च्या दुरुस्तीने बदलली. दहाव्या आठवड्यात आलेल्या बाईला तीन महिने लोह देऊन थांबलं तर बावीसावा आठवडा लागतो. त्यानंतर पतीची तपासणी, दोघांची म्युटेशनं, गर्भाचा नमुना.

एक उदाहरण घ्या. दहावा आठवडा, हिमोग्लोबिन ८.४, एमसीव्ही ६१, काउंट ४.४. भागाकार १३.९, म्हणजे इंडेक्स लोहाकडे बोट दाखवतो. फेरिटिन ६, तोही तेच सांगतो. ए२ ३.६. जुन्या शिकवणीप्रमाणे इथे फाइल बंद होऊन गोळ्या सुरू होतात. पण एमसीव्ही आणि हिमोग्लोबिन यांचा मेळ बसत नाही: निव्वळ लोहाच्या कमतरतेत एमसीव्ही ६१पर्यंत उतरला असता तर हिमोग्लोबिन आणि काउंट दोन्ही याहून पडले असते. खरं तर लोह संपल्यामुळे वाहकाचा चढा काउंट खाली आला आहे आणि इंडेक्स फसला आहे. इथे बाईच्या आकड्यावर वाद घालत बसण्यापेक्षा गोळ्या चालू ठेवून त्याच आठवड्यात पतीची सीबीसी आणि ए२ करायचं. पतीचा एमसीव्ही ८६ आणि ए२ २.६ आलं तर मेजरची भीती जवळजवळ संपते आणि बाईचं ए२ सवडीने पुन्हा पाहता येतं. लोह भरल्यावर काउंट ५.४ आणि ए२ ४.४ आलं की निदान पक्कं. पतीचंही ए२ वाढलेलं निघालं, तर ३.६ला नॉर्मल न मानता थेट डीएनए.

याची उलटी चूकही होते. ए२ वाढलेलं कळल्यावर ‘थॅलेसेमियाला लोह देत नाहीत’ म्हणून फेरिटिन ६ असलेल्या मायनरच्या गोळ्या बंद केल्या जातात. ती बंदी रक्त चढवून लोह साठलेल्या मेजरची.

एचपीएलसीचं यंत्रही सर्वज्ञ नाही. हिमोग्लोबिन ई हे ए२च्याच जागी बाहेर पडतं, त्यामुळे ए२ २५ किंवा ३० छापून आलं तर तो मायनर नव्हे, ई समजायचा. सिकल असलेल्या रक्तात ए२ फुगून दिसतं. विदर्भातले रिपोर्ट वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं. अल्फा थॅलेसेमियाच्या वाहकात ए२ वाढतच नाही. एमसीव्ही कमी, फेरिटिन चांगलं, ए२ २.४ आणि काउंट ५.८ असा रिपोर्ट आला तर त्याचं उत्तर कुठल्याच पट्ट्यात नसतं. तिथे जनुकाची तपासणीच करावी लागते.