क्रेसीची संध्याकाळ आणि बाण भरायला लागणारा वेळ

२६ ऑगस्ट १३४६. उत्तर फ्रान्समधल्या क्रेसी गावाजवळच्या उतारावर इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड आपलं सैन्य मांडून उभा होता. समोरून फ्रान्सचा राजा सहावा फिलिप आला. त्याच्या आघाडीला इटलीतल्या जिनोव्हा शहराचे भाडोत्री क्रॉसबोधारी होते. त्या काळी भूमध्य समुद्राच्या काठी क्रॉसबो चालवण्यात जिनोव्हाच्या माणसांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरीही इंग्रजांचे लाँगबोवाले समोर येताच थोड्याच वेळात त्यांची फळी फुटली. मागे फिरलेल्या त्या माणसांना फ्रान्सच्याच घोडेस्वारांनी तुडवलं.

या प्रसंगावरून ‘लाँगबो हे क्रॉसबोपेक्षा श्रेष्ठ हत्यार होतं’ असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. त्या संध्याकाळी काय झालं ते समजून घ्यायचं, तर आधी या दोन हत्यारांत ताकद येते कुठून ते पाहावं लागेल.

लाँगबो म्हणजे माणसाच्या उंचीचं किंवा त्याहून थोडं लांब, एकाच लाकडाचं धनुष्य. उत्तम लाँगबो ‘यू’ नावाच्या सदाहरित झाडाच्या लाकडाचं असे. आपल्याकडे हिमालयात वाढणारा थुनेर त्याच कुळातला. या लाकडाचा गाभा दाबला जाणं सोसतो आणि सालीलगतचा फिकट थर ताणलं जाणं सोसतो. कारागीर गाभा धनुर्धाऱ्याच्या बाजूला आणि फिकट थर शत्रूच्या बाजूला ठेवून धनुष्य तासत असे. म्हणजे एकाच लाकडात दोन वेगळ्या गुणांचे पदार्थ आयते जोडलेले मिळत.

ही धनुष्यं ताणायला जोर किती लागे, हे बराच काळ अंदाजावरच होतं. इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकेचं धूड १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलं गेलं. त्यात शंभराहून जास्त अखंड लाँगबो सापडले. त्यांच्या मापांवरून आणि प्रतिकृतींवरून काढलेला ताण साधारण ४५ ते ८० किलोच्या दरम्यान येतो. आज हौसेखातर तिरंदाजी करणारे लोक २० किलोच्या आसपासचं धनुष्य वापरतात. यावरून फरकाची कल्पना यावी.

क्रॉसबो म्हणजे आडवं बसवलेलं आखूड, जाड धनुष्य. ते लाकडी दांड्याला जोडलेलं असतं. दोरी मागे ओढून एका खाचेत अडकवायची, पुढे आखूड जाड बाण ठेवायचा, नेम धरायचा आणि चाप दाबायचा. या आखूड बाणाला बोल्ट म्हणतात. पुढच्या शतकातल्या पोलादी क्रॉसबोंपैकी काहींचा ताण ५०० किलोच्याही पुढे जाई. आकडा ऐकून वाटतं, हे हत्यार लाँगबोच्या सात-आठ पट ताकदवान असणार. इथेच गणित फसवतं.

बाणाला मिळणारी ऊर्जा केवळ जोरावर ठरत नाही. दोरी किती अंतर ढकलत नेते, हेही तितकंच महत्त्वाचं. ताण शून्यापासून हळूहळू वाढत जातो असं धरलं, तर धनुष्यात साठलेली ऊर्जा म्हणजे जास्तीत जास्त जोर गुणिले अंतर, भागिले दोन. ६८ किलो ताणाच्या लाँगबोची दोरी सुमारे ६० सेंटिमीटर मागे येते, म्हणून साठलेली ऊर्जा साधारण २०० ज्यूल होते. ५४५ किलो ताणाच्या क्रॉसबोची दोरी १५ सेंटिमीटरच सरकते, म्हणून तिथे साधारण ४०० ज्यूल होतात. जोर आठपट असूनही साठा दुप्पटच भरतो.

त्या दुपटीतलाही बराच भाग वाया जातो. चाप दाबल्यावर बोल्टच्या जोडीने पोलादी धनुष्याची जड टोकं आणि दोरखंडासारखी जाड दोरी यांनाही वेग द्यावा लागतो, आणि ती ऊर्जा लक्ष्यापर्यंत पोहोचत नाही. लाकडी लाँगबोची टोकं हलकी असल्याने साठ्यातला मोठा हिस्सा बाणाला मिळतो. त्यामुळे लक्ष्यावर आदळताना दोघांची ताकद, ताणाच्या आकड्यांवरून वाटते त्यापेक्षा बरीच जवळजवळ येते. क्रेसीच्या वेळचे क्रॉसबो तर बहुधा लाकडाचे किंवा लाकूड, शिंग आणि स्नायुतंतू चिकटवून केलेले होते. त्यांचा ताण याहून पुष्कळ कमी होता. तेव्हा क्रेसीचा निकाल ताकदीने लावला नाही. तो लावला वेळाने.

तरबेज लाँगबोवाला मिनिटाला दहा बाण सोडू शकत असे, पण फार वेळ नाही. खांदे थकत आणि भाताही रिकामा होई. बाण चोवीसच्या जुडीत दिले जात. दोन जुड्या जवळ असलेला माणूस पूर्ण वेगाने सोडू लागला, तर पाच मिनिटांत त्याचे हात मोकळे. म्हणून खरा वेग याहून कमी असे आणि शत्रू अगदी जवळ येण्याच्या क्षणासाठी राखून ठेवला जाई. क्रॉसबोवाल्याला मात्र दर बोल्टमागे थांबणं भागच होतं. साध्या क्रॉसबोच्या टोकाला रिकीब असे. तीत पाय घालून, कंबरपट्ट्याच्या आकड्यात दोरी अडकवून माणूस उभा राही आणि पाठीच्या जोरावर दोरी चढवी. पुढे आलेल्या पोलादी क्रॉसबोला रहाटासारखं यंत्र लावून दोरी गुंडाळत मागे आणावी लागे, त्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ सहज जाई. फ्लॉरेन्सचा बखरकार जियोव्हानी व्हिलानी याने क्रेसीबद्दल लिहिताना हेच नोंदवलं आहे की, जिनोव्हावाल्यांचा एक बाण सुटेपर्यंत इंग्रजांचे तीन सुटत.

जिनोव्हाच्या लोकांना हा दोष ठाऊक नव्हता का? पक्का ठाऊक होता. त्यांनी त्यावर उपायही काढला होता. त्यांच्यासोबत ‘पॅव्हिस’ नावाची जवळजवळ माणसाएवढी ढाल असे. ती जमिनीवर टेकवून उभी करायची, तिच्याआड वाकून दोरी चढवायची, मग डोकं बाहेर काढून नेम धरायचा. ढाल, ती सांभाळणारा माणूस आणि क्रॉसबो मिळून ते हत्यार पुरं होत असे. क्रेसीला ढाली मागच्या सामानाच्या गाड्यांत राहिल्या होत्या. फ्रेंच सैन्य दिवसभर चालून, लांबच लांब रांगेत पांगून संध्याकाळी तिथे पोहोचलं होतं. गाड्या येईपर्यंत थांबण्याइतका संयम कुणापाशी उरला नव्हता.

लढाईच्या तोंडावर पावसाची सर आली. एका फ्रेंच इतिवृत्तात म्हटलंय की क्रॉसबोच्या दोऱ्या भिजून निकामी झाल्या, तर इंग्रजांनी आपल्या दोऱ्या काढून कोरड्या ठेवल्या. लाँगबोची दोरी काढणं क्षणाचं काम आहे. क्रॉसबोची दोरी साधनाशिवाय सहज उतरत नाही, हे खरं. पण मेण लावलेली जाड दोरी एका सरीने कामातून जाईल याची मला शंका वाटते. पावसापेक्षा ढालींचं मागे राहणं मला जास्त निर्णायक वाटतं. मिनिटामागे दोन-तीन वेळा उघड्यावर उभं राहून दोरी चढवणारा माणूस, समोर चढावर उभे असलेले हजारो धनुर्धारी आणि डोळ्यांत मावळतीचं ऊन. अशा वेळी ते मागे फिरले, यात भित्रेपणा काय होता? राजाचा भाऊ आलाँसोंचा सरदार मात्र घोडेस्वारांसह त्यांच्यातूनच पुढे घुसला. मग तेच बाण घोड्यांवर पडू लागले. घोड्यांना चिलखत अपुरं होतं. जखमी घोडा वळला की मागचेही अडखळत. रात्र पडेपर्यंत हल्ल्यामागून हल्ले झाले आणि प्रत्येक हल्ला त्याच उतारावर मोडला.

हाच क्रॉसबो नीट मांडला तर काय करू शकतो, ते दीडशे वर्षं आधी दिसलं होतं. ११९२ च्या ऑगस्टमध्ये पॅलेस्टाइनमधल्या जाफा बंदराबाहेर इंग्लंडचा राजा रिचर्ड मोजक्या सैन्यानिशी सुलतान सलादिनच्या घोडेस्वारांसमोर सापडला. त्याने भालेवाल्यांना गुडघ्यावर बसवून, भाल्यांची मागची टोकं जमिनीत रोवून, ढालींची भिंत केली. तिच्यामागे क्रॉसबोवाल्यांच्या जोड्या उभ्या केल्या. एक जण फक्त दोरी चढवून देई, दुसरा फक्त सोडी. घोडेस्वार पुन्हा पुन्हा आले आणि भाल्यांपाशी येऊन फिरले. सात वर्षांनी फ्रान्समधल्या शालूच्या किल्ल्यापाशी क्रॉसबोचाच बोल्ट खांद्यात घुसून रिचर्ड मेला. किल्ल्याच्या तटावर तर क्रॉसबोला तोडच नव्हती. तटाआड दोरी चढवायला हवा तितका वेळ मिळतो, आणि चढवलेलं हत्यार तसंच धरून फटीतून नेम साधत थांबता येतं. ताणलेलं लाँगबो क्षणभरच धरवतं.

शिक्षणाचा फरकही इथूनच निघतो. क्रॉसबोत ताण खाच धरून ठेवते, लाँगबोत तो माणसाच्या पाठीने धरायचा असतो. नेम धरून चाप दाबणं धडधाकट माणूस काही आठवड्यांत शिकू शकतो. जिनोव्हावाल्यांसारखं शिस्तीने लढायला अर्थातच वर्षं लागत. लाँगबोचं शरीर मात्र लहानपणापासून घडवावं लागे. बिशप ह्यू लॅटिमर याने १५४९ साली राजापुढे प्रवचन करताना आपलं बालपण सांगितलं होतं: वडील वय आणि ताकद वाढेल तसं अधिक जड धनुष्य आणून देत, आणि हातांनी न ओढता सगळं अंग धनुष्यात घालायला शिकवत. मेरी रोझवर सापडलेल्या सांगाड्यांपैकी काहींत खांद्याच्या पात्याचं टोक पात्याशी जुळलेलंच नव्हतं. हे टोक विशीच्या आसपास हाडाशी एकजीव होतं. कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्याने ते सुटं राहिलं असावं, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे.

अशी माणसं हजारोंनी हवी, तर सगळ्या देशाला सराव करायला लावावा लागतो. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने हुकूम काढला की सुट्टीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी तिरंदाजी करावी, चेंडूचे खेळ खेळू नयेत. फ्रान्सने हे पाहिलं आणि १४४८ साली सातव्या चार्ल्सने गावागावांतून करमाफी देऊन धनुर्धारी नेमायला सुरुवात केली. पण तीन-चार पिढ्यांत मुरलेली सवय हुकमाने लगेच उगवत नाही.

या भांडवलाची दुसरी बाजू १८ जून १४२९ रोजी फ्रान्समधल्या पाते गावाजवळच्या लढाईत दिसली. इंग्रज धनुर्धारी आपल्यासमोर टोकदार खुंट रोवून घोडेस्वारांना अडवत. त्या दिवशी ते खुंट रोवून व्हायच्या आत फ्रेंच स्वार त्यांच्यावर येऊन आदळले. फार मोठ्या संख्येने धनुर्धारी मारले गेले किंवा पळाले. क्रॉसबो हरवले तर शस्त्रागारातून नवे काढून नव्या माणसांच्या हाती देता येतात. पातेच्या लढाईत गेलेल्या प्रत्येक लाँगबोवाल्याबरोबर दहा-पंधरा वर्षांचा सराव गेला, आणि त्याच्या जागी उभा राहू शकणारा मुलगा त्या वेळी इंग्लंडच्या कुठल्यातरी गावात अजून हलकं धनुष्य ओढत होता.