दोन पायलटांमधले अंतर कसे ठरते

बिनतारी संदेशवहनाच्या ओएफडीएम पद्धतीत माहिती शेकडो अरुंद उपवाहकांवर, म्हणजे शेजारशेजारच्या वारंवारतांच्या लहरींवर, वाटून एकाच वेळी पाठवली जाते. इमारतींवरून आणि डोंगरांवरून परावर्तित झालेल्या लहरी थोड्या उशिरा पोहोचून मूळ लहरीत मिसळतात, त्यामुळे प्रत्येक उपवाहकाची तीव्रता आणि कला, म्हणजे लहर आवर्तनात कुठे आहे ते दाखवणारा कोन, निरनिराळ्या प्रमाणात बदलते. हा बदल, म्हणजेच चॅनेल, मोजता यावा म्हणून ठरावीक जागी ग्राहकाला, म्हणजे लहरी स्वीकारणाऱ्या यंत्राला, आधीच ठाऊक असलेली मूल्ये पाठवतात. त्यांना पायलट म्हणतात. आलेल्या मूल्याला पाठवलेल्या मूल्याने भागले की त्या जागेचा चॅनेल हाती येतो, अर्थात त्यात थोडा गोंगाट मिसळलेला असतोच. मधल्या जागांचा चॅनेल मात्र शेजारच्या पायलटांवरून काढावा लागतो, आणि खरी अडचण इथेच आहे.

एलटीईचे, म्हणजे 4जी मोबाइल जाळ्यांच्या पद्धतीचे, उदाहरण घेऊ. तिथे उपवाहक 15 किलोहर्ट्झ अंतरावर असतात आणि ज्या खेपेला पायलट पाठवले जातात तेव्हा दर सहाव्या उपवाहकावर एक पायलट असतो. एखादा प्रतिध्वनी 1 मायक्रोसेकंद उशिरा येत असेल, तर त्याची कला प्रत्येक उपवाहकामागे 5.4 अंशांनी, म्हणजे दोन पायलटांदरम्यान सुमारे 32 अंशांनी फिरते. एवढे फिरणे सहज ओळखता येते. पण उशीर 15 मायक्रोसेकंदांचा असेल, तर कला 486 अंश फिरते, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर 126 अंश. पूर्ण फेरा ग्राहकाला दिसतच नाही. त्याला उशीर जेमतेम 3.9 मायक्रोसेकंदांचा वाटतो. पायलटांच्या जागी हिशोब तंतोतंत जुळतो, मधल्या उपवाहकांवर मात्र तो साफ चुकतो.

यावर एलटीईने काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. प्रत्येक स्लॉटमध्ये, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदात, पायलट दोनदा येतात, आणि दुसऱ्या खेपेला ते तीन उपवाहकांनी सरकवलेले असतात. दोन्ही खेपा एकत्र केल्या की अंतर निम्मे होते, 15 मायक्रोसेकंदांच्या उशिराचे फिरणे 243 अंशांवर येते, आणि उशीर ऋण नसतो हे गृहीत धरले तर सुमारे 22 मायक्रोसेकंदांपर्यंतचे उशीर वेगळे ओळखता येतात. दोन पायलटांत नुसती सरळ रेषा जोडून मात्र भागत नाही, कारण ती रेषा उलट दिशेचा 117 अंशांचा जवळचा मार्ग धरते. त्यासाठी उशिराची मर्यादा लक्षात घेणारा फिल्टर लागतो.

शिवाय दोन खेपांदरम्यान चॅनेल फार बदललेला नसावा. 2 गिगाहर्ट्झवर ताशी 500 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ग्राहकासाठी वेगामुळे वारंवारतेत होणारा डॉप्लर बदल दोन्ही दिशांना सुमारे 926 हर्ट्झपर्यंत जातो, म्हणून एकाच उपवाहकावरची मोजणी 0.54 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा व्हायला हवी. एलटीईमध्ये ती 0.5 मिलिसेकंदांनी होते.

मग पायलट आणखी दाट का ठेवत नाहीत? एका अँटेनासाठी एका स्लॉटमधल्या 12 उपवाहकांच्या 84 जागांपैकी 4 जागा पायलटांना जातात, आणि प्रत्येक जादा पायलट माहितीची एक जागा खातो. पायलट विरळ पडले आहेत की गोंगाट जास्त आहे, हे शक्ती वाढवून पाहिले की कळते: गोंगाटाच्या चुका कमी होतात, पण विरळ पायलटांमुळे झालेल्या चुका एका मर्यादेखाली उतरतच नाहीत.