नागपूरला चालतं, मग कागवाडला का नाही? गोधडी विकणाऱ्या घरच्या बायकांचा टॅक्स

सांगलीत घरी गोधड्या शिवणाऱ्या एक काकू आहेत, महिन्याला 25 जातात, एक 1200 ला, म्हणजे वर्षाची विक्री 3 लाख 60 हजार. कापड, दोरा, कुरिअर वजा करून दीडेक लाख हातात. इन्कम टॅक्स या दीड लाखावर बघायचा, विक्रीवर नाही, आणि 2025-26 पासून नवीन पद्धतीत पहिल्या 4 लाखांवर टॅक्सच नाही. दुसरं काही उत्पन्न नसेल तर तो विषय इथंच संपला.

जीएसटीचं गणित मात्र नफ्यावर नाही, एकूण विक्रीवर चालतं. जुलै 2017 ला सुरू झाला तेव्हा नोंदणीची मर्यादा 20 लाख होती, एप्रिल 2019 पासून महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्यांना 40 लाख झाली. काकू यातही कुठल्या कुठं खालीच. पण गोधडी नागपूरला पाठवली तर काही नाही आणि मिरजेपलीकडं कागवाडला पाठवली तर कर्नाटक, म्हणजे पहिल्या पार्सलपासून नोंदणी! हे कुठनं आलं? 1956 च्या सेंट्रल सेल्स टॅक्समधनं. तिथंही राज्याबाहेर माल विकला की नोंदणी, मर्यादा वगैरे काही नाही, तीच सवय जीएसटीत आली.

2017 मध्येच ओरड झाली म्हणून सप्टेंबरात ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना 20 लाखांपर्यंत सूट दिली, पण तुमची वस्तू त्या यादीत पाहिजे आणि पॅन आणि माल पाठवताना काढायचं ई-वे बिल पाहिजे. नुसतं हातानं केलंय म्हणून चालत नाही, इथंच बऱ्याच जणी फसतात. ऑक्टोबरात सेवा देणाऱ्यांनाही 20 लाखांपर्यंत सोडलं, म्हणजे बेळगावच्या मुलींना ऑनलाइन क्रोशे शिकवलं तर चालतं, तेच क्रोशेचं तोरण पाठवलं तर यादी बघा. मला हे अजून पटलेलं नाही.

दुसरी अडचण मोठ्या शॉपिंग साइटची. तिथं विकायचं तर 2017 पासून पहिल्या रुपयालाच जीएसटी नंबर लागायचा, त्यामुळं बायका व्हॉट्सअ‍ॅपवरच विकत राहिल्या, कारण तिथं पैसे थेट तुमच्याकडं येतात आणि मधे साइट नसते. 1 ऑक्टोबर 2023 पासून हे सुटलं. मर्यादेच्या आत असाल तर gst.gov.in वर पॅन देऊन फक्त एनरोलमेंट नंबर काढायचा, रिटर्न भरायची भानगड नाही. पण अट तीच जुनी, माल महाराष्ट्राबाहेर जाता कामा नये. म्हणून काकूंनी साइटवर डिलिव्हरी फक्त महाराष्ट्रापुरती ठेवलीय आणि कागवाडची गिऱ्हाइकं सांगलीला येऊन रोख देऊन गोधडी घेऊन जातात.