मोरचुदातलं स्फटिकजल ३.६ येतंय? पाकीट परत पाठवण्याआधी एवढं वाचा

दरवर्षी प्रॅक्टिकलचा सीझन सुरू झाला की आमच्याकडे ठरलेला फोन येतो, "तुमचं कॉपर सल्फेट भेसळीचं दिसतंय, पोरांचं उत्तर ५ येतच नाहीये". आम्ही पहिला प्रश्न एकच विचारतो, किती येतंय? समोरून ३.६ च्या आसपास आकडा आला की आम्हाला पाकीट बघायचीही गरज पडत नाही, कारण हा आकडा मालाचा नाही तर गरम करण्याचा आहे. तो कुठून येतो ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे पत्रक बिलासोबत देतोय.

CuSO₄·5H₂O मधले पाचही पाण्याचे रेणू एकदम सुटत नाहीत. चार रेणू साधारण ११० डिग्रीच्या आसपास निघून जातात, पण पाचवा घट्ट बसलेला असतो, तो सुटायला २०० च्या वर जावं लागतं. आणि गंमत म्हणजे चार गेल्यावर जे उरतं ते जवळजवळ पांढरंच दिसतं, फार तर अगदी हलकी निळसर झाक, ती सुद्धा ट्यूबलाइटखाली कळत नाही. मुलांना पुस्तकातून एवढंच माहीत असतं की निळं पांढरं झालं म्हणजे पाणी गेलं, मग ते तिथेच बर्नर बंद करतात. काही कॉलेजांत तर गॅस वाचवायला सगळ्या क्रुसिबल ११० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवतात. तिथे तासाने वजन घ्या, दोन तासांनी घ्या, तेच येतं, म्हणून सर म्हणतात वजन तर स्थिर झालंय. झालंय, पण एक पाणी आत ठेवून झालंय!

आता तुम्ही म्हणाल, एक रेणू राहिला तर उत्तर ४ यायला पाहिजे, ३.६ कसं? २.५० ग्रॅम मीठ घेतलं असं धरा. चार रेणू गेले की १.७८ उरतं, घट ०.७२. पण मूल ते १.७८ अख्खं निर्जल समजून १५९.५ ने भागतं, म्हणजे आत राहिलेलं पाणी एकीकडे घटीतून वजा होतं आणि दुसरीकडे मिठाच्या खात्यात जमा होतं. ०.७२ भागिले १८ म्हणजे ०.०४०, १.७८ भागिले १५९.५ म्हणजे ०.०११२, गुणोत्तर ३.६. चूक दोन्ही बाजूंनी लागते, म्हणूनच हा आकडा आम्ही फोनवर ओळखतो.

बरोबर झालेल्या प्रयोगाची वजनं कशी दिसतात तेही बघा. झाकणासकट रिकामी क्रुसिबल २४.३६, मीठ घालून २६.८६. पहिल्या तापवण्यानंतर २६.१०, पावडर एव्हाना पांढरी दिसतेय आणि इथे थांबलं तर उत्तर ३.९. परत पाच मिनिटं तापवून, थंड करून २५.९८, म्हणजे ४.८. अजून एकदा, २५.९६. अजून एकदा, परत २५.९६. आता थांबायचं. पाणी ०.९०, निर्जल १.६०, उत्तर ४.९८. शेवटचं वजन "तेच तर आलं, वाया गेलं" असं मुलांना वाटतं, पण ते वजन घेतल्याशिवाय आधीचं वजन शेवटचं होतं हे कळणार कसं? दोन डेसिमलच्या काट्यावर सलग दोन वजनांत ०.०१ पेक्षा जास्त फरक नको, आणि दोन्ही वेळा आच पुरेशी हवी, मंद ज्योतीवर आलेलं स्थिर वजन धरायचं नाही.

आच म्हणजे भडका नव्हे हं. बर्नर फिरवत फिरवत मंद सुरू करा, तडतड थांबली की वाढवा, पण निळ्या ज्योतीचं टोक एकाच जागी क्रुसिबलच्या बुडाला लावून ठेवू नका. ६०० च्या पुढे गेलं की निर्जल मीठच फुटायला लागतं, तळाशी काळपट कॉपर ऑक्साइड उरतं आणि नाकात झोंबणारा वायू सुटतो. मग वजन कमी होतच राहतं, स्थिर होतच नाही आणि उत्तर पाचाच्या वर जातं. कडेला तपकिरी-काळं दिसलं की ते सॅम्पल सोडून द्या, नवीन घ्या.

पाचाच्या वर जाण्याची बाकी दोन कारणं साधी आहेत. मोठे खडे तसेच टाकले तर तडतडून बाहेर उडतात, म्हणून आधी खलात बारीक करा, झाकण थोडं तिरकं ठेवा. दुसरं, मीठच ओलं असतं. आम्हाला बरेच जण म्हणतात की कृषी केंद्रात मोरचूद तुमच्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतं. मिळतं ना, द्राक्षवाले बोर्डो मिश्रणाला तेच वापरतात आणि त्या कामाला ते उत्तमच आहे. पण तिथे चार-दोन टक्के ओलाव्याने कुणाचं बिघडत नाही, इथे मात्र तोच ओलावा स्फटिकजल म्हणून मोजला जातो. आमचं पाकीट बारीक स्फटिकांचं, सील केलेलं असतं, दर थोडा जास्त आहे तो त्याचाच. तरी पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं असेल तर मीठ दोन फिल्टर पेपरमध्ये दाबून घ्या. ओव्हनमध्ये मात्र वाळवू नका, स्फटिकजलच जाईल.

थंड करणं हा अर्धा प्रयोग आहे. गरम क्रुसिबल काट्यावर ठेवली की वर जाणारी हवा पॅनला उचलते, वजन कमी दिसतं. आणि उघड्यावर थंड केली तर निर्जल मीठ हवेतली वाफ परत ओढतं, मुंबई-कोकणातल्या हवेत तर बघायलाच नको. दोन्हीत काट्यावरचा आकडा हळूहळू चढत जातो, म्हणून आधी तळहात जवळ नेऊन ऊब लागतेय का बघा. ऊब नसेल आणि तरी आकडा चढत असेल तर पाणी शिरतंय. झाकण लावून डेसिकेटरमध्येच थंड करा. सिलिका जेल गुलाबी झालेलं असेल तर तो डेसिकेटर नुसता डबा आहे, जेल ओव्हनमध्ये निळं होईपर्यंत तापवून परत भरा (११० चा ओव्हन या कामाला वापरा!). जेल आमच्याकडे सुटंही मिळतं, सेटच घ्यायला पाहिजे असं नाही.

अजून एक, मीठ वाचवायला १ ग्रॅम घेऊ नका. १ ग्रॅमवर काट्याची ०.०१ ची चूक उत्तर ४.८ च्या खाली नेते, २.५ वर तीच चूक ४.९ पर्यंत थांबते. बॅचभर मुलांचे चार-पाच पैसे वाचवून सगळ्यांची जर्नलं लाल करण्यात काय अर्थ आहे.

झालेलं पांढरं मीठ सिंकमध्ये ओतू नका, माशांना ते विषारी आहे. एका बाटलीत गोळा करा, थोडं थोडं पाणी घातलं की परत निळं होतं (चांगलंच गरमही होतं, एकदम ओतू नका), पुढच्या वर्षी रंगबदल दाखवायला कामाला येतं.

हे सगळं करूनही उत्तर बसलं नाही तर फोन जरूर करा, पण हातात वजनांचा कागद असू द्या, रिकाम्या क्रुसिबलपासून शेवटच्या दोन वजनांपर्यंत, आणि बर्नरवर केलं की ओव्हनमध्ये तेही सांगा. शेवटची दोन वजनं जुळत असतील, आच बरोबर असेल आणि तरी आकडा हललेला असेल तर पाकीट आम्ही बदलून देतो, त्यात वाद घालत नाही.